बारा कोटी मोठे की नऊ कोटी?

नागपूरहून अमरावतीकडे निघालेल्या महामार्गावर, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात तळेगाव (श्यामजी पंत) लागते. हा संत्र्याचा पट्टा आहे. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आगेमागे निघतो, मृग बहाराचा फेब्रुवारीनंतर. व्यापारी मोठे, रंगलेले फळ उचलतो. बारीक फळाला, म्हणजे चुरीला, कोणी धड भाव देत नाही. समजा, इथल्या एका बहीणभावाने ही चुरी विकत घेऊन तिचा रस आणि सालीचे तेल काढणारी कंपनी उभी केली. दोघांकडे प्रत्येकी पाच लाख शेअर आहेत. दोन हंगाम स्वतःच्या पैशावर आणि बँकेच्या कर्जावर निघाले. आता मोठी यंत्रे आणि शीतगृह यांसाठी तीन कोटी रुपये हवे आहेत, आणि ते द्यायला दोन गुंतवणूकदार तयार आहेत. कंपनी काल्पनिक आहे आणि आकडे हिशेबाला सोपे पडावेत असे धरले आहेत. कलमे मात्र अशा कागदांत नेहमी आढळणारीच आहेत.

पहिल्या गुंतवणूकदाराच्या टर्म शीटवर कंपनीची किंमत बारा कोटी लिहिली आहे, दुसऱ्याच्या कागदावर नऊ कोटी. भावाचा कौल सरळ आहे: ‘‘ताई, तीन कोटींचा फरक आहे. यात विचार काय करायचा?’’

विचार करायचा तो पुढच्या कलमांचा. टर्म शीट हा पाच-सात पानांचा कागद असतो. त्यात व्यवहाराच्या मुख्य अटी असतात आणि त्यावरून पुढे वकील भागधारकांचा सविस्तर करार तयार करतात. त्यातल्या बहुतेक अटी कायद्याने बांधील नसतात. गोपनीयता आणि ठरावीक दिवस दुसऱ्या कोणाशी बोलणी न करण्याची अट, एवढ्या दोन गोष्टी सहसा बांधील असतात. तरीही या कागदावर मान्य केलेली अट मुख्य कराराच्या वेळी मागे घेणे फार अवघड जाते. म्हणून खरी घासाघीस इथेच करायची असते.

किंमत: कागदावरची आणि हातातली

बारा कोटी ही गुंतवणूक येण्याआधीची किंमत आहे. तिला प्री-मनी म्हणतात. तीन कोटी आल्यावर कंपनी पंधरा कोटींची झाली, ही पोस्ट-मनी. गुंतवणूकदाराचा वाटा तीन भागिले पंधरा, म्हणजे २० टक्के. दुसऱ्या ऑफरमध्ये नऊ अधिक तीन मिळून बारा कोटी होतात आणि वाटा २५ टक्के होतो. आकडा कागदावर असेल तर तो प्री-मनी आहे की पोस्ट-मनी, हे आधी विचारायचे. बारा कोटी पोस्ट-मनी असते, तर पहिली ऑफर दुसऱ्या ऑफरइतकीच ठरली असती.

इथवरचा हिशेब भावाच्या बाजूने आहे. पण पहिल्या कागदावर किंमतीच्या लगेच खाली एक ओळ आहे: ‘गुंतवणुकीनंतरच्या एकूण भागभांडवलाच्या १० टक्के इतका कर्मचारी ऑप्शन पूल गुंतवणुकीपूर्वी निर्माण करण्यात येईल.’ कर्मचाऱ्यांना पुढे शेअर देता यावेत म्हणून काही वाटा राखून ठेवायचा, यात गैर काही नाही. मेख ‘गुंतवणुकीपूर्वी’ या शब्दात आहे. पूल आधी तयार झाला, म्हणजे तो सगळा संस्थापकांच्या वाट्यातून निघाला. गुंतवणूकदाराचे २० टक्के शाबूत राहिले.

आता मोजून पाहू. गुंतवणूकदार २०, पूल १०, उरले ७०. बहीणभावाचे मिळून दहा लाख शेअर हे ७० टक्के, म्हणजे एकूण शेअर १४,२८,५७१. पंधरा कोटींना या आकड्याने भागले की एका शेअरचा भाव १०५ रुपये येतो. दहा लाख शेअर गुणिले १०५, म्हणजे साडेदहा कोटी. बारा कोटींच्या ऑफरमध्ये या दोघांच्या कंपनीला प्रत्यक्षात साडेदहा कोटी भाव मिळाला. बाकीचे दीड कोटी अजून नेमलेच नाहीत अशा कर्मचाऱ्यांच्या नावावर गेले.

दुसऱ्या ऑफरमध्येही पूल आहे, पण ५ टक्के. गुंतवणूकदार २५, पूल ५, संस्थापक ७०. शेअरचा भाव ८४ रुपये आणि संस्थापकांच्या वाट्याची किंमत आठ कोटी चाळीस लाख. भाव कमीच आहे. पण टक्केवारी बघा: बारा कोटींच्या कागदावर ७० आणि नऊ कोटींच्या कागदावरही ७०.

म्हणून पूल किती हवा, हे टक्क्यात नव्हे तर माणसांत मोजावे. पुढच्या दीड वर्षात एक प्रॉडक्शन मॅनेजर, एक विक्री बघणारा आणि एक अन्न-तंत्रज्ञ घ्यायचा असेल, तर कोणाला किती वाटा देणार याची यादी करायची आणि तेवढाच पूल मागायचा. ही यादी समोर ठेवली की दहा टक्क्यांचा आग्रह बऱ्याचदा ढिला पडतो.

विकली तर कोणाच्या हाती काय

आता दोन्ही कागदांतले सर्वात वजनदार कलम पाहू: लिक्विडेशन प्रेफरन्स. नावावरून ते दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीपुरते वाटते. प्रत्यक्षात टर्म शीटमधल्या व्याख्येत कंपनीची विक्री, विलीनीकरण, मुख्य मालमत्तेची विक्री हे सगळे बसवलेले असते. म्हणजे उद्या एखाद्या मोठ्या खाद्यकंपनीने तळेगावचा कारखाना विकत घेतला, तर आलेले पैसे आधी कोणाला आणि किती, हे या कलमाने ठरते.

भारतात गुंतवणूकदार सहसा साधे शेअर घेत नाही. तो सक्तीने रूपांतरित होणारे प्रेफरन्स शेअर घेतो. त्यांचे पुढे कधीतरी साध्या शेअरमध्ये रूपांतर होते, पण तोवर रांगेत त्याचा नंबर संस्थापकांच्या पुढे असतो. रांगेच्या अगदी पुढे कर्ज देणारे असतात. हंगामात शेतकऱ्याला रोख पैसे मोजण्यासाठी बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा वापरली असेल, तर विक्रीच्या रकमेतून ती आधी फिटते. पुढचे सगळे आकडे देणी फेडून उरलेल्या रकमेचे आहेत. पूलमधले सगळे शेअर कर्मचाऱ्यांकडे गेले आहेत असेही धरू.

दुसऱ्या कागदावर लिहिले आहे: एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग. याचा अर्थ गुंतवणूकदाराला दोनपैकी एकच वाट निवडता येते. एकतर आपले तीन कोटी परत घ्यायचे आणि बाजूला व्हायचे, नाहीतर शेअर रूपांतरित करून इतरांसारखा आपला २५ टक्के वाटा घ्यायचा. कंपनी बारा कोटींपेक्षा कमीत विकली तर तो पहिली वाट धरेल, जास्तीत विकली तर दुसरी. बरोबर बारा कोटींना दोन्ही सारख्याच.

पहिल्या कागदावर लिहिले आहे: एकपट, पार्टिसिपेटिंग. इथे निवड करावीच लागत नाही. गुंतवणूकदार आधी आपले तीन कोटी घेतो आणि मग उरलेल्या रकमेत पुन्हा २० टक्क्यांचा वाटेकरी म्हणून बसतो. दोन्ही कलमांचा परिणाम वेगवेगळ्या विक्री-किमतींना असा दिसतो (रक्कम कोटी रुपयांत):

| विक्रीची रक्कम | संस्थापकांना: पहिली ऑफर | संस्थापकांना: दुसरी ऑफर | गुंतवणूकदाराला: पहिली ऑफर | गुंतवणूकदाराला: दुसरी ऑफर |
|---|---|---|---|---|
| ६ | २.१० | २.८० | ३.६० | ३.०० |
| १२ | ६.३० | ८.४० | ४.८० | ३.०० |
| २० | ११.९० | १४.०० | ६.४० | ५.०० |
| ६० | ३९.९० | ४२.०० | १४.४० | १५.०० |

एक ओळ करून बघू म्हणजे रीत कळेल. वीस कोटींना विक्री झाली. पहिल्या ऑफरमध्ये गुंतवणूकदाराने तीन कोटी उचलले, उरले सतरा. त्याचे २० टक्के म्हणजे ३.४० कोटी. त्याचे एकूण ६.४० झाले. संस्थापकांना सतराचे ७० टक्के, म्हणजे ११.९० कोटी. दुसऱ्या ऑफरमध्ये गुंतवणूकदाराने रूपांतर केले आणि वीसचे २५ टक्के, पाच कोटी घेतले. संस्थापकांना वीसचे ७० टक्के, चौदा कोटी.

संस्थापकांचे दोन रकाने वरून खाली वाचा. चारही ओळींत नऊ कोटींची ऑफर पुढे आहे. मग गुंतवणूकदाराचे रकाने वाचा. तिथे विक्री अठ्ठेचाळीस कोटींच्या खाली असेल तोवर पहिली ऑफर त्याला जास्त देते. पहिल्या गुंतवणूकदाराने बारा कोटी उदारपणे दिलेले नाहीत. वर दिलेले त्याने खालच्या ओळीत वसूल केले आहे.

पहिल्या ऑफरची बाजू एका बाबतीत खरी आहे, तीही सांगायला हवी. कंपनीला खरोखरच १० टक्क्यांच्या आसपास पूल लागणार असेल, तर दुसऱ्या ऑफरमध्ये आणखी ५ टक्के नंतर काढावे लागतील. तेव्हा ते सगळ्यांच्या वाट्यातून निघतील आणि संस्थापक ७० वरून ६६.५ टक्क्यांवर येतील. त्या हिशेबाने कंपनी साठ कोटींच्या वर विकली गेली, तर पहिली ऑफर संस्थापकांना जास्त देते. तेव्हा प्रश्न असा होतो: चुरीवर प्रक्रिया करणारा हा कारखाना साठ कोटींच्या पुढे जाईल की वीस कोटींच्या आसपास राहील? याचे उत्तर गुंतवणूकदारापेक्षा बहीणभावालाच जास्त नीट माहीत असणार.

कलमात ‘एकपट’च्या जागी ‘दुप्पट’ असते तर? पहिल्या ऑफरमध्ये सहा कोटींच्या विक्रीत गुंतवणूकदार सहाच्या सहा कोटी घेऊन गेला असता. संस्थापकांना शून्य. पार्टिसिपेटिंग काढायला गुंतवणूकदार तयार नसेल, तर निदान त्यावर मर्यादा घालून घेता येते. ‘एकूण मिळकत गुंतवणुकीच्या दुपटीपर्यंतच’ असे लिहिले, की मोठ्या विक्रीत त्याला रूपांतर करणे भाग पडते.

ही तरतूद एका फेरीपुरती राहत नाही. पुढच्या फेरीतला गुंतवणूकदार मागच्याला काय मिळाले ते बघतो आणि तेच किंवा त्याहून जास्त मागतो. प्रत्येक फेरीत रांगेत पुढे उभ्या असलेल्यांची रक्कम वाढत जाते. २००९ मध्ये एडिनबरात सुरू झालेली फॅनड्यूएल ही खेळांवरच्या स्पर्धांची कंपनी एके काळी एक अब्ज डॉलरच्या वर गणली गेली होती. २०१८ मध्ये ती पॅडी पॉवर बेटफेअरच्या अमेरिकेतल्या व्यवसायात विलीन झाली, तेव्हा फॅनड्यूएलच्या भागधारकांच्या वाट्याची किंमत सुमारे साडेशेचाळीस कोटी डॉलर धरली गेली. प्रेफरन्स शेअरवाल्यांचा पहिला हक्क मात्र सुमारे छप्पन्न कोटी डॉलरचा होता. साधे शेअर असलेल्या संस्थापकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या हाती काहीच आले नाही आणि प्रकरण कोर्टात गेले.

पुढच्या फेरीत वाटा किती उरेल

नवे शेअर निघाले की जुन्यांचा वाटा पातळ होतो, याला डायल्यूशन म्हणतात. कंपनीचा भाव वाढत असताना त्याचे वाईट वाटायचे कारण नाही. उद्या तीस कोटींच्या प्री-मनीवर दहा कोटी आले, तर संस्थापक ७० टक्क्यांवरून साडेबावन्नवर येतात. पण चाळीस कोटींचे साडेबावन्न टक्के म्हणजे एकवीस कोटी, आणि पंधरा कोटींचे ७० टक्के म्हणजे साडेदहा कोटी.

अडचण भाव उतरतो तेव्हा येते. संत्र्याच्या धंद्यात हे केव्हाही घडू शकते. ऑगस्ट-सप्टेंबरात आंबियाची मोठी फळगळ झाली, तर चुरी कमी येते, जी येते ती महाग पडते आणि यंत्रे अर्ध्या ताकदीने चालतात. नेमक्या त्याच वर्षी पैसे संपले, तर पुढची फेरी पडेल भावाने करावी लागते.

अशा वेळेसाठी गुंतवणूकदाराने अँटी-डायल्यूशनचे कलम घातलेले असते. त्याचे रूपांतर पूर्वीच्या भावाऐवजी कमी भावाने होते, म्हणजे तेवढ्याच गुंतवणुकीत त्याला जास्त साधे शेअर मिळतात. किती जास्त, ते कलमाच्या प्रकारावर ठरते. पहिल्या ऑफरचा भाव १०५ रुपये होता. समजा पुढच्या फेरीत ७० रुपयांनी पाच लाख नवे शेअर विकून साडेतीन कोटी उभारले.

कलम ‘फुल रॅचेट’ असेल, तर जुन्या गुंतवणूकदाराचा भावही सरळ ७० रुपये धरला जातो. त्याचे २,८५,७१४ शेअर ४,२८,५७१ होतात. नव्या फेरीत कितीही थोडे शेअर निघाले तरी परिणाम तोच. संस्थापकांचा वाटा ७० वरून ४८.३ टक्क्यांवर येतो.

कलम ‘ब्रॉड-बेस्ड वेटेड अ‍ॅव्हरेज’ असेल, तर नव्या फेरीचा आकार लक्षात घेतला जातो. साडेतीन कोटींत जुन्या १०५ च्या भावाने ३,३३,३३३ शेअर आले असते, प्रत्यक्षात पाच लाख निघाले. आधीच्या १४,२८,५७१ शेअरमध्ये हे दोन आकडे वेगवेगळे मिळवून त्यांचे गुणोत्तर काढायचे. ते ०.९१३६ येते. त्याने १०५ ला गुणले की नवा रूपांतर-भाव सुमारे ९५ रुपये ९३ पैसे. जुन्या गुंतवणूकदाराचे शेअर साधारण ३,१२,७४० होतात आणि संस्थापकांचा वाटा ५१.१ टक्के राहतो. संरक्षणाचे कलमच नसते, तर तो ५१.९ राहिला असता.

५१.१ आणि ४८.३ यांत फरक तीन टक्क्यांहूनही कमी दिसतो, पण मध्ये पन्नासची रेघ आहे. शेअरमध्ये न बदललेल्या ऑप्शनना मत नसते, म्हणून ४८.३ वर आल्या आल्या काही बिघडत नाही. पूलमधले ऑप्शन शेअरमध्ये बदलत गेले, की भागधारकांच्या सभेतले साधे बहुमत बहीणभावाच्या हातून निसटते. टर्म शीटमध्ये ‘रॅचेट’ शब्द दिसला तर तो खोडून ‘ब्रॉड-बेस्ड वेटेड अ‍ॅव्हरेज’ मागावे. सुरुवातीच्या फेऱ्यांत हीच प्रचलित रीत आहे, त्यामुळे मागायला संकोच करायचे कारण नाही. कर्मचाऱ्यांना ठरलेल्या पूलमधून दिलेल्या शेअरमुळे हे कलम लागू होणार नाही, हेही त्याच ठिकाणी लिहून घ्यावे.

हात कोणाचा वर होतो

वाटा ७० टक्के असला म्हणजे कंपनी आपल्या मर्जीने चालेल, असा संस्थापकांचा समज असतो. पण मालकीचे निर्णय भागधारकांच्या सभेत होतात आणि कारभाराचे निर्णय संचालक मंडळात. मंडळात शेअर मोजत नाहीत, माणसे मोजतात.

मुंबईच्या हाउसिंग डॉट कॉमचे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. आयआयटी मुंबईतल्या तरुणांनी २०१२ मध्ये ही घरे शोधून देणारी कंपनी काढली. २०१४ च्या अखेरीस सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने तिच्यात नऊ कोटी डॉलर आले. पुढच्याच वर्षी मुख्याधिकारी आणि सहसंस्थापक राहुल यादव यांचे गुंतवणूकदारांशी जाहीरपणे बिनसले. त्यांनी राजीनामा दिला, मागे घेतला, आपले सगळे शेअर कर्मचाऱ्यांना देत असल्याचे जाहीर केले, आणि १ जुलै २०१५ रोजी संचालक मंडळाने त्यांना पदावरून दूर केले. गुंतवणूकदार आणि माध्यमे यांच्याशी असलेली त्यांची वागणूक हे कारण मंडळाने दिले. त्यांचे चुकले की मंडळाचे, हा वाद बाजूला ठेवू. पाहायचे ते एवढेच, की मुख्याधिकाऱ्याला काढायला भागधारकांची सभा लागली नाही. ते मंडळाच्या अखत्यारीतले काम होते. जानेवारी २०१७ मध्ये हाउसिंग प्रॉपटायगरमध्ये विलीन झाली.

कायद्याने मुख्याधिकारी आणि संचालक ही दोन वेगळी पदे आहेत. मुख्याधिकाऱ्याची नेमणूक आणि उचलबांगडी मंडळ करते. संचालकाला काढायला कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६९ प्रमाणे भागधारकांचा साधा ठराव लागतो. पण पहिल्या कागदावर आणखी एक वाक्य आहे: ‘संस्थापक कंपनीच्या नोकरीत असेपर्यंतच संचालक राहतील.’ या वाक्याने दोन पदे एकमेकांना बांधली. मंडळाने नोकरीवरून काढले, की मंडळावरची खुर्चीही गेली.

त्याच कागदावर मंडळ चौघांचे आहे: दोन संस्थापक, एक गुंतवणूकदाराचा प्रतिनिधी आणि एक ‘गुंतवणूकदाराच्या संमतीने नेमलेला’ स्वतंत्र संचालक. बहीणभाऊ एकमताने असतील तर मते दोन विरुद्ध दोन पडतील. दोघांत एखाद्या प्रश्नावर मतभेद झाला, तर तीन विरुद्ध एक. घरच्या भांडणाचा निकाल मग बाहेरचे दोघे लावतील. दुसऱ्या कागदावर मंडळ तिघांचे आहे, दोन संस्थापक आणि एक प्रतिनिधी. पहिल्या फेरीत एवढे पुरते. स्वतंत्र संचालक हवाच असेल, तर तो दोन्ही बाजूंच्या संमतीने नेमायचा आणि समान मते पडल्यास निर्णायक मत कोणाचे, तेही तिथेच लिहायचे.

गणसंख्येची ओळही वाचावी. कायद्याने मंडळाच्या सभेला एकतृतीयांश किंवा दोन, यांतले जे जास्त असेल तेवढे संचालक पुरतात. टर्म शीट त्यात भर घालते की गुंतवणूकदाराचा प्रतिनिधी हजर असल्याशिवाय सभा भरणार नाही. तो न आल्याने सभा अडू नये म्हणून पुढे एक वाक्य जोडून घ्यावे: तहकूब सभेत तो नसला तरी गणसंख्या पूर्ण मानली जाईल.

याहून जास्त दिवसेंदिवस जाचते ती पूर्वसंमतीच्या विषयांची यादी. नवे शेअर काढणे, कंपनी विकणे, धंदाच बदलणे अशा गोष्टींना गुंतवणूकदाराची संमती लागणे रास्त आहे. पण पहिल्या कागदावर यादीत ‘दहा लाखांवरचा कोणताही खर्च किंवा कर्ज’ हेही आहे. शहरातल्या सॉफ्टवेअर कंपनीला ही मर्यादा बोचणार नाही. तळेगावात हंगाम भरात असताना फाटकाशी चुरीच्या गाड्या उभ्या असतात, फळ थांबत नाही आणि शेतकऱ्याला पैसे त्याच दिवशी हवे असतात. चार दिवसांची खरेदीच दहा लाखांवर जाऊ शकते. तिथे मेलवर संमती येईपर्यंत माल दुसरीकडे जातो. यावर इलाज सोपा आहे. रकमेऐवजी ‘मंजूर वार्षिक अंदाजपत्रकाबाहेरचा खर्च’ असे लिहायचे, कच्च्या मालाची खरेदी आणि मंजूर मर्यादेतले बँकेचे कर्ज वगळायचे, आणि सात दिवसांत उत्तर आले नाही तर संमती मिळाली असे मानले जाईल, ही ओळ घालायची.

इथे दुसऱ्या ऑफरचीही एक उणी बाजू पुढे येते. कंपनीची नियमावली बदलण्यासारख्या कामांना विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या निदान तिप्पट मते बाजूने हवीत. पूलमधल्या ऑप्शनना मत नसल्याने पहिल्या ऑफरमध्ये बहीणभावाकडे प्रत्यक्ष मतांपैकी ७७.८ टक्के राहतात आणि असा ठराव ते एकट्याने करू शकतात. दुसऱ्या ऑफरमध्ये त्यांच्याकडे ७३.७ टक्केच उरतात. तिथे गुंतवणूकदाराचा हात वर झाल्याशिवाय विशेष ठराव होत नाही. पूर्वसंमतीच्या यादीत हेच विषय असतील तर पहिल्या ऑफरमधला हा फायदा नावापुरता उरतो. तरी तो आहे हे ठाऊक असलेले बरे.

सही करण्याआधी

बहिणीने यावर काय करावे? दोन्ही कागद शेजारी ठेवून तिने एक्सेलमध्ये तीन छोटे तक्ते करावेत. पहिल्यात पूल धरून प्रत्येकाचा वाटा आणि शेअरचा खरा भाव, दुसऱ्यात चार वेगवेगळ्या विक्री-किमतींना प्रत्येकाच्या हाती काय येते, तिसऱ्यात पुढची फेरी एकदा चढ्या आणि एकदा पडेल भावाने झाली तर काय उरते. गुंतवणूकदारालाही हेच तक्ते दाखवून ‘आकडे बरोबर आहेत ना?’ असे विचारावे. कलमाच्या अर्थाबद्दल दोघांच्या समजुतीत काही अंतर असेल, तर ते इथेच उघडे पडते.

मग पहिल्या गुंतवणूकदाराला उलट प्रस्ताव द्यावा: पूल ५ टक्के, प्रेफरन्स नॉन-पार्टिसिपेटिंग, मंडळ तिघांचे. किंमत बाराच राहिली तर संस्थापकांचा वाटा ७५ टक्के होईल. गुंतवणूकदार तेवढे मान्य करणार नाही. तो किंमत उतरवायला सांगेल, कदाचित दहापर्यंत. तिथेही हरकत नाही. दहा कोटींवर गुंतवणूकदाराचा वाटा २३ टक्क्यांच्या थोडा वर जातो आणि संस्थापकांकडे जवळपास ७२ टक्के राहतात. म्हणजे दोन कोटींनी किंमत उतरवूनही ते दोन्ही मूळ ऑफरच्या पुढेच असतील. दुसऱ्या गुंतवणूकदाराशी बोलणी चालू ठेवायची असतील, तर मात्र पहिल्याच्या कागदावरची ‘इतरांशी बोलणी करणार नाही’ ही बांधील अट आधी मान्य करून बसू नये. ती मान्य केलीच, तर तिची मुदत तीस-पंचेचाळीस दिवसांवर जाऊ देऊ नये.

ठरलेल्या अटी शेवटी भागधारकांच्या कराराबरोबरच कंपनीच्या नियमावलीतही उतरल्या पाहिजेत. शेअर हस्तांतरणावरचे निर्बंध फक्त खासगी करारात असले आणि नियमावलीत नसले तर ते कंपनीवर बंधनकारक नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये व्ही. बी. रंगराज यांच्या खटल्यात दिला होता. गुंतवणूकदाराचा वकील आपल्या बाजूची कलमे नियमावलीत चढवून घेण्याची काळजी घेतोच. सात दिवसांत संमती मानली जाण्याची, तहकूब सभेच्या गणसंख्येची आणि प्रेफरन्सवरच्या मर्यादेची ओळ तिथे आली आहे का, हे संस्थापकाने स्वतः वाचून बघायचे असते. पैसे खात्यावर आल्यापासून साठ दिवसांत शेअर वाटप व्हावे लागते. त्या घाईत मसुद्यातली गळालेली ओळ शोधायला कोणाला वेळ नसतो, म्हणून हे वाचन पैसे येण्याआधी उरकायचे.